पुंडलिकरावांचं बेबाक बिल

तुमसरच्या भोजराज शेठांकडे पुंडलिकराव मुनीम होते, आणि शेठ जरा बाहेर गेले की दुकानाचे मालकही तेच असत. शेठांचा धंदा ट्रकांचा. दोन ट्रक स्वतःचे आणि तिसरा जावयाचा. जावयाचा ट्रक चालण्यापेक्षा उभा जास्त असे. पुंडलिकरावांची बैठक गादीवर, समोर उतरतं लाकडी मेज, डाव्या हाताला पितळी पानदान, उजव्या हाताला भिंतीत ठोकलेली एक उभी तार. आलेला कागद वाचायचा, आणि त्यात कामाचं काही नसलं की त्या तारेला टोचायचा. पुंडलिकरावांच्या मते जगातल्या बहुतेक कागदांत कामाचं काही नसतं.

माणूस सरळ होता, पण सरळ माणसाचा ताप वाकड्यापेक्षा जास्त असतो. वाकड्याला वळवता तरी येतं. पुंडलिकरावांची हिशेबाची एक रीत होती, आणि ती त्यांनी भाताच्या गिरणीवर उमेदवारी करताना उचलली होती: आलेला पैसा आधी जुन्या बिलाला. व्यापारी यायचे, गठ्ठा टाकून जायचे, कशाचे पैसे ते बोलायचे नाहीत. मग मुनीम सर्वांत जुनं बिल काढून त्याला पैसे लावी, उरले की पुढच्याला. ज्या बिलाची शेवटची पै आली त्यावर मोठ्या अक्षरात ‘बेबाक’ लिहायचं. पै राहिली तर लिहायचं नाही. ‘बेबाक’ लिहिताना पुंडलिकराव पेन असं दाबत की मागच्या पानावरसुद्धा उमटे.

‘‘तुमच्या हातानं लगन लागलं असतं तं नवरदेवाले दहा डाव ‘सावधान’ म्हटलं असतं तुम्ही,’’ असं निर्मलाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, म्हणत. पुंडलिकरावांना हे कौतुक वाटे.

आता ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. भोजराज शेठांकडे एका खाजगी खाणीचं मँगनीज रेल्वेच्या सायडिंगपर्यंत नेण्याचं काम होतं. आधी खाणीवाले आपल्या मजुरांकडून ट्रक भरून देत आणि शेठ फक्त वाहतूक करत. त्या वर्षीपासून कंपनीनं भरणं, नेणं, उतरवणं असं सगळं एकत्रच शेठांच्या गळ्यात घातलं, टनाला पंचवीस रुपये. शेठांनी बाया लावल्या. खाणीला दोन बाजू होत्या. वरच्या बाजूला शकुनबाईची टोळी, सगळ्या करडी गावच्या बाया, भाताचा रोवणा आटोपला की खाणीवर येणाऱ्या. खालच्या बाजूला कुंताबाईची टोळी, खाणीजवळच्याच गावची. बाया डोक्यावर टोपलं घेऊन फळीवरून चढत आणि ट्रकात माल ओतत. दर महिन्याला कंपनीला दोन बिलं जात, एक वरच्या बाजूचं आणि एक खालच्या.

मजुरीची रीत अशी होती की मजुरी दर आठवड्याला मिळे, पण टनामागे आठ आणे शेठ मागे ठेवत. त्यांना बाया ‘मागचे पैसे’ म्हणत. ज्या महिन्याच्या मालाचं बिल बेबाक झालं त्या महिन्याचे मागचे पैसे त्या टोळीला एकरकमी मिळत. शेठांना वाटे, यामुळे बाया काम सोडून जात नाहीत. बायांना वाटे, यामुळे पैसे उडत नाहीत. दोन्ही पक्ष एकाच गोष्टीनं खूश असले की तिला रीत म्हणतात.

त्या वर्षी शकुनबाईनं एक धाडस केलं होतं. करडीच्या मंडईची दंडार तिच्या टोळीनं स्वतःच्या पैशानं आणायची ठरवली होती. भाऊबीज झाली की आपल्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, तिला दंडार, म्हणजे नाच-सोंगांचा खेळ, लागतेच, आणि आजवर दंडार आणणारे पुरुष असत. वर्गणी गोळा करायची, मग वर्गणीवरून भांडायचं, हा त्यांचा दंडारीपेक्षा मोठा खेळ. शकुनबाईनं ग्रामपंचायतीसमोर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, ‘‘औंदा दंडार आमी आनतो. तुमी फकस्त पाहाले बसा.’’ दंडारवाल्यांना तिनं शब्द दिला, सव्वाशे रुपये आणि वर जेवण. तिच्या टोळीचे सप्टेंबरच्या बिलावरचे मागचे पैसे होते एकशे चाळीस. त्या एकशे चाळिसावर तिचा शब्द उभा होता, आणि पुंडलिकराव मूळचे करडीचेच असल्यानं त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. त्यातून ते दंडारीचे वेडे. मंडईला ते सर्वांत पुढे बसत, आणि सोंगाड्या काय बोलणार ते त्याच्या आधी बोलत. शेजारच्यांचा जीव त्यामुळे नकोसा होई.

दिवाळीच्या तोंडावर कंपनीचा चेक आला. त्या वेळी कंपनीकडे चार बिलं होती. पहिलं ऑगस्टचं, खालच्या बाजूचं, आठ हजारांचं. दुसरं ऑगस्टचंच, वरच्या बाजूचं, साडेसहा हजारांचं. तिसरं सप्टेंबरचं, खालचं, साडेनऊ हजारांचं. चौथं सप्टेंबरचं, वरचं, सात हजारांचं. एकूण एकतीस हजार. चेक होता एकोणतीस हजार चारशेचा, आणि त्याला टाचणीनं एक टाइप केलेला इंग्रजी कागद लावलेला होता.

पुंडलिकरावांनी टाचणी काढली, चेक पेटीत ठेवला आणि कागद तारेला टोचला.

‘‘सोळाशे कमी पाठवले लेकायनं,’’ ते म्हणाले. मग त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे पैसे लावले. पहिलं बिल आठ हजार, बेबाक. दुसरं साडेसहा, बेबाक. तिसरं साडेनऊ, बेबाक. उरले चोपन्नशे. ते चौथ्या बिलाला लावले आणि त्यापुढे लिहिलं, ‘येणे बाकी सोळाशे.’ एवढं करायला त्यांना पान जमवण्यापेक्षाही कमी वेळ लागला, आणि पान चांगलं जमलं होतं.

संध्याकाळी दोन्ही टोळ्यांच्या मुकादमणी पैसे न्यायला आल्या. ऑगस्टचे मागचे पैसे दोघींना मिळाले. ते उसनवारी फेडण्यातच जायचे होते. सप्टेंबरचे तिसऱ्या बिलावरचे एकशे नव्वद रुपये पुंडलिकरावांनी कुंताबाईच्या हातावर मोजले. कुंताबाईनं ते दोनदा मोजले आणि कमरेला खोवले. मग शकुनबाई पुढे झाली.

‘‘तुले थांबा लागते बाई. तुह्या बिलाची बाकी हाये,’’ पुंडलिकराव म्हणाले.

‘‘काहून जी? तिचं बिल झालं, मायं काहून नाई? दोघींचा माल एकाच महिन्यात गेला.’’

‘‘तुयं बिल नंतरचं हाये. आधी जुनं.’’

‘‘माल का जुना-नवा असते का मुनीमजी? दगड हाये तो. आन् कंपनीचा मानूस तं कुंताच्याच मालावर कुरकुर करत होता, वजन जमत नाई म्हनून. माह्या टोपल्याले कोनी बोट लावलं नाई. मंग तिच्या कुरकुरीचं भोगनं माह्या बिलाले कायले?’’

खरं म्हणजे इथंच पुंडलिकरावांनी तारेवरचा कागद काढून वाचायला हवा होता. पण बाईमाणसानं हिशेबात बोलावं हेच त्यांना पटलं नाही. ‘‘हिशोब तू करतं का मी?’’ असं म्हणून त्यांनी मेजाचं झाकण लावलं. दारातून जाताना शकुनबाई एवढंच म्हणाली, ‘‘मंडईले पुढं बसालच ना जी? मंग दंडार तुमीच करून दाखवजा.’’

हे त्यांना लागलं. रात्री जेवताना त्यांनी भात दोनदा मागितला नाही, म्हणजे फारच लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला एक खरमरीत पत्र लिहिलं. ‘चौथ्या बिलाचे सोळाशे रुपये कोणत्या अधिकाराने अडवले, गरीब मजूर बायांच्या पोटावर पाय दिला, याचा जाब द्यावा’ वगैरे. पत्र इतकं जोरदार उतरलं की ते टपालानं पाठवणं त्यांना बरं वाटेना. ते स्वतःच पत्र घेऊन शेठांच्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी बसले आणि खाणीवर गेले. वाटेत त्यांनी ते ड्रायव्हरला दोनदा वाचून दाखवलं.

खाणीच्या ऑफिसात बिलं पाहणारा क्लार्क जागेश्वर होता. गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. त्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून मँगनीजचे सहा-सात काळे ढेले ठेवलेले असत आणि तो बोलताना ते इकडून तिकडे सरकवी. त्यानं पत्र शांतपणे वाचलं. मग परत वाचलं. मग पंख्याकडे पाहून हसू आवरलं.

‘‘मुनीमजी, चौथ्या बिलाचा एक पैसाही अडवला नाही आम्ही.’’

‘‘मंग सोळाशे का हवेत गेले?’’

‘‘चेकसोबत कागद होता ना, तो वाचला का?’’

‘‘होता एक,’’ पुंडलिकराव म्हणाले. ‘‘इंग्रजीत होता.’’

‘‘आकडे तं इंग्रजीत बी तेच राहातेत जी.’’ जागेश्वरनं फायलीतून त्या कागदाची कार्बन प्रत काढली आणि त्यावर चार ढेले ओळीनं मांडले, एकेका बिलाला एक. ‘‘हे पाहा. पहिलं बिल आठ हजार, पूर्ण पास. त्यातून दोन टक्के इन्कम टॅक्स कापला, एकशे साठ. दुसरं साडेसहा हजार, पूर्ण पास. कापले एकशे तीस. चौथं सात हजार, पूर्ण पास, कापले एकशे चाळीस.’’

‘‘आन् तिसरं?’’

‘‘तिसऱ्यात चाळीस टनाचा वांधा आहे. खालच्या बाजूले सप्टेंबरात पानी भरलं होतं. माल निथळत निथळतच ट्रकात चढवला. आमच्या काट्यावर वजन जास्त आलं, सायडिंगच्या काट्यावर कमी भरलं. चाळीस टनाचे हजार रुपये थांबवले. साडेनऊपैकी साडेआठ हजार पास केले, आणि कापलं ते साडेआठावरच, एकशे सत्तर. टॅक्स झाला सहाशे, वांध्याचे हजार. तुमचे सोळाशे हेच.’’

पुंडलिकरावांनी मनात बेरीज केली. बेरीज जमली. बेरीज जमली की त्यांचा राग साधारण उतरे, पण या वेळी उलट चढला.

‘‘आमच्या शेठचा टॅक्स कापनारे तुम्ही कोन? शेठ आपला टॅक्स आपन भरते.’’

‘‘नुसती वाहतूक होती तवा कापत नव्हतो. आता भराई-उतराई सगळं एकात आलं, मंग कायद्यानं ते ठेक्याचं काम झालं, आणि पुऱ्या बिलावर कापा लागते. शकुनबाईच्या टोपल्यापायी शेठले टॅक्स लागला म्हणा.’’ तो हसला. ‘‘पण ते पैसे आम्ही खाल्ले नाही जी. शेठच्या नावानं सरकारात भरले. सर्टिफिकेट देऊ. वर्षाच्या शेवटी शेठचा जो टॅक्स निघेल त्यातून सहाशे वजा होतीन. म्हणजे तुमच्या हिशोबात ते सहाशे आले असंच धरा. काही चेकनं, उरलेले सरकारच्या हातानं. पहिलं, दुसरं, चौथं बिल चुकतं. बाकी फक्त तिसऱ्याचे हजार.’’

‘‘आमची रीत आधी जुन्याले लावाची हाये,’’ पुंडलिकराव म्हणाले, पण आवाजात आता तेवढा जोर राहिला नव्हता.

‘‘देणारा बोलला नाही तं तुमची रीत चालते. देणाऱ्यानं सांगून दिलं की हे याचे अन् हे त्याचे, तं मग त्याच्याच सांगण्यानं लावा लागते. आम्ही तं टाइप करून सांगितलं.’’

पुंडलिकराव परत निघाले. या वेळी ट्रकात त्यांनी पत्र वाचून दाखवलं नाही. ड्रायव्हरनं आपण होऊन विचारलं, ‘‘का झालं जी पत्राचं?’’ त्यावर ते म्हणाले, ‘‘तू समोर पाहा.’’ रस्ताभर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. चेक आला त्याच दिवशी शकुनबाईचं बिल बेबाक होतं आणि आपण तिला दारातून परत पाठवलं. कुंताबाईचं बिल बेबाक नव्हतं आणि तिला आपण पैसे मोजून दिले. त्यांना फार लाज वाटली. ही लाज त्यांना नवीन होती, त्यामुळे ती कुठं ठेवावी ते त्यांना कळेना.

शेठांना त्यांनी सगळं सांगितलं. भोजराज शेठ हसले नाहीत, ही त्यांची कृपा. पण पैशाच्या बाबतीत ते म्हणाले, ‘‘मुनीमजी, कुंताचे एकशे नव्वद परत आना, मंग शकुनचे एकशे चाळीस द्या. तुमच्या चुकीपायी मी दोन्ही कायले देऊ?’’

मंडई दोन दिवसांवर आली होती. कुंताबाईकडे पैसे मागायला जाण्याची हिंमत पुंडलिकरावांना होईना. त्या रात्री त्यांनी निर्मलाबाईंना सांगितलं. निर्मलाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘तो कागद वाचाले किती वेळ लागला असता?’’

‘‘लागला असता पाचेक मिनिटं.’’

‘‘मंग आता एकशे नव्वद रुपयाचे पाच मिनिटं झाले,’’ त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात त्यांनी न मागता भात वाढला. नवऱ्याला असं वेळेवर टोचून वर वाढणारी बाई मिळायला भाग्य लागतं. पुंडलिकरावांना ते भाग्य त्या रात्री पुरतं कळलं.

सकाळी त्यांनी जुनी पानं उघडली. तिसऱ्या बिलावरचं ‘बेबाक’ खोडणं हे त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम ठरलं. इतकं दाबून लिहिलेलं असल्यामुळे ते खोडूनही दिसतच राहिलं. तिथं त्यांनी लिहिलं, ‘येणे बाकी एक हजार.’ कापलेल्या टॅक्सचं शेठांच्या नावानं वेगळं खातं काढून तिथं सहाशे टाकले. चौथ्या बिलावर ‘बेबाक’ लिहिलं, या वेळी हलक्या हातानं. मग कुंताबाईला चुकून गेलेले एकशे नव्वद कोणाच्या तरी नावे टाकायचे होते. त्यांनी टाकले: ‘पुंडलिक मुनीम यांचे नावे.’ पगार अडीचशे. आजवर त्या वहीत त्यांच्या नावे उधारी नव्हती.

शेठांनी ते पाहिलं. ‘‘असं तं मी नव्हतं म्हटलं,’’ ते म्हणाले.

‘‘तुम्ही नाही म्हटलं. पण हिशोब कोनाच्या तरी नावे पाह्यजे ना शेठ,’’ पुंडलिकराव म्हणाले आणि एकशे चाळीस रुपये रुमालात बांधून थेट करडीला गेले.

शकुनबाई अंगण सारवत होती. शेणाचा हात तसाच, तिनं रुमालाकडे पाहिलं. ‘‘चुकलो बाई. तुयं बिल बेबाक होतं. मीच कागद नाही वाचला,’’ पुंडलिकराव एका दमात म्हणाले. दुसऱ्या दमात ते म्हणता आलं नसतं. शकुनबाईनं हात धुतले, पैसे घेतले, मोजले आणि म्हणाली, ‘‘आता पुढं बसा जी मंडईले. पन सोंगाड्याच्या आधी बोलाचं नाही.’’

मंडई झोकात झाली. शकुनबाईची दंडार भर दुपारी सुरू झाली आणि माणूस माणसावर चढलं. पुंडलिकराव पुढे बसले, आणि सोंगाड्याच्या आधी बोलले नाहीत, याचं गावाला दंडारीपेक्षा नवल वाटलं. तिथंच त्यांना कुंताबाई दिसली. तिची टोळीच्या टोळी मंडईला आली होती, आणि सगळ्या बाया एकसारखी नवी हिरवी लुगडी नेसल्या होत्या. पुंडलिकराव ती लुगडी मनात मोजू लागले. तेवढ्यात कुंताबाईच त्यांच्याजवळ आली. बातमी खाणीवरून तिच्यापर्यंत पोचली होती.

‘‘आमचं बिल मोकडं झालं नव्हतं म्हने?’’

‘‘नव्हतं.’’

‘‘मंग तुमी काहून देल्ले पैसे?’’

‘‘चूक झाली.’’

‘‘पैसे तं आता हे हायेत.’’ तिनं लुगड्याचा पदर पुढे धरला. ‘‘वापस पाह्यजेन तं सांगा, उद्या सोडून देतो. आज मंडईत नाई सोडनार.’’

पुंडलिकराव इतके गोंधळले की त्यांनी दंडारीकडे पाठ केली. ‘‘राहू दे बाई, माझ्या नावे टाकले मी ते,’’ ते म्हणाले.

कुंताबाईचा चेहरा उतरला. ‘‘हे नाई चालनार जी. तुमच्या पोराइच्या तोंडचं काढून आमी लुगडी नेसाव का? आमच्या म्होरच्या बिलातून कापा. कंपनी शेठचे कापते तसं. पन एका डावात सगळं नोका कापजा, पन्नास-पन्नास करून कापा, आन् किती कापलं, किती राह्यलं, ते तोंडानं सांगत जा आमाले.’’

तसं ठरलं. ऑक्टोबरच्या मालाचे पैसे आले तेव्हा पुंडलिकरावांनी चेकसोबतचा कागद आधी वाचला, चष्मा पुसून, बोट ठेवून. बिल चुकतं झालं. कुंताबाईच्या टोळीच्या मागच्या पैशातून त्यांनी पन्नास कापले आणि तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘समजलं.’’ पुंडलिकरावांच्या नावे आता एकशे चाळीस राहिले.

दुसरे पन्नास कापायच्या आतच, जानेवारीत, तिसऱ्या बिलाचा निकाल लागला. शेठ आणि कंपनीचे साहेब यांच्यात बरीच घासाघीस झाली. चाळीस टनांपैकी चोवीस टन कंपनीनं कबूल केले आणि सोळा टन पाण्याचं वजन म्हणून सोडून द्यायचं ठरलं. चोवीस टनांचे सहाशे. त्यातून बारा रुपये टॅक्स कापून पाचशे अठ्ठ्याऐंशीचा चेक आला. पुंडलिकरावांनी चेकचे पाचशे अठ्ठ्याऐंशी, टॅक्सचे बारा, आणि सूट म्हणून चारशे, असे हजार मांडले, आणि तिसरं बिल अखेर बेबाक झालं. शेवटची पै आली नव्हती, तरी झालं. त्यांनी तो शब्द लिहिला.

मग कुंताबाईचा हिशेब. शेठांचा हुकूम साफ होता: ज्या टनाचे पैसे आले त्याच टनाचे आठ आणे. त्या बिलाच्या तीनशे ऐंशी टनांतून सोळा गेले, राहिले तीनशे चौसष्ट, म्हणजे एकशे ब्याऐंशी रुपये. टोळीनं घेतले होते एकशे नव्वद, त्यांतून कापले पन्नास, म्हणजे त्यांच्याकडे एकशे चाळीस. द्यायचे राहिले बेचाळीस. पुंडलिकरावांच्या नावचे एकशे चाळीसही त्यातच फिटले. पुंडलिकरावांना हा हिशेब फार आवडला. सगळं कसं सरळ बसलं होतं. बेचाळीस रुपये घेऊन ते स्वतः खाणीवर गेले.

दुपारची सुटी होती. बाया आंब्याच्या झाडाखाली भाकरी खात बसल्या होत्या. पुंडलिकरावांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, बिलामागून बिल, टनामागून टन. कुंताबाई भाकरी खाली ठेवून ऐकत होती.

‘‘पन्नास कापले होते. बेचाळीस आनले. आठ कुठं गेले?’’

‘‘सोळा टनाचे आठ. ते वजन पान्याचं होतं. मालाचं नव्हतं.’’

‘‘पान्याचं.’’

‘‘हो. माल ओला होता. वाटेत पानी निथळून गेलं. त्याचे पैसे कंपनीनं शेठले नाही देल्ले, मंग शेठ तरी कसे देतीन?’’

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कुंताबाईनं मानेवर हात ठेवला, जिथं टोपल्याचा भार येतो तिथं.

‘‘मुनीमजी, पानी वाटेत निथळलं, हे खरं. पन ट्रकात चढवलं कोनी?’’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. ‘‘सुकं टोपलं हलकं राहाते जी. तवा ओलं होतं, म्हनून जड होतं. आमच्या डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून पाठीवर पानी जाऊन राह्यलं होतं. ते पानी बी आमीच उचललं ना?’’

काट्याचं वजन पुंडलिकरावांना ठाऊक होतं, सायडिंगचं ठाऊक होतं, पास झालेलं, कापलेलं, सोडून दिलेलं, सगळं ठाऊक होतं. फळीवरून चढताना मानेवर किती होतं ते कोणत्याच कागदावर आलेलं नव्हतं.

त्यांनी खिशातून आपले आठ रुपये काढले आणि बेचाळिसांवर ठेवले. ‘‘पन्नास झाले. मोजून घे बाई,’’ ते म्हणाले.

दुकानात परत आल्यावर शेठांनी विचारलं, ‘‘झालं का कुंताचं? आठ कमी घ्याले कबूल झाली?’’

‘‘झालं,’’ पुंडलिकराव म्हणाले. वही त्यांनी उघडली, आठ रुपये कोणत्या खात्यात टाकावेत याचा बराच वेळ विचार केला, आणि काहीच न लिहिता मिटली.